खेळताना पीसी अचानक बंद पडतो: एसएमपीएस कमी पडतोय का ते ओळखा आणि नवा किती वॅटचा हवा ते काढा

तक्रार साधारण अशी असते. ग्राफिक्स कार्ड बदललं, विंडोज नीट चालते, ब्राउझर, व्हिडिओ, ऑफिसचं काम, कशालाच अडचण नाही. मात्र एखादा जड खेळ सुरू केला की दहा मिनिटांनी किंवा दोन तासांनी पीसी पटकन मरतो. निळी स्क्रीन येत नाही, एररचा संदेश नाही, आवाज अडकत नाही. पंखे, लाइट, मॉनिटरवरचं चित्र सगळं एका क्षणात जातं, जणू कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं. कधी बंद पडेल याचा नेम नसतो, त्यामुळे आधी विंडोज पुन्हा टाकली जाते, मग ड्रायव्हर, मग रॅम काढून पुसून परत लावली जाते. पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर संशय सर्वांत शेवटी जातो, कारण वॅटची बेरीज केली तर ती त्याच्या आकड्यात व्यवस्थित बसलेली दिसते.

ती बेरीज का फसवते, हे समजलं की बाकीचं निदान सोपं होतं. त्यासाठी एकच जोडणी घेऊ या: रायझन ७ ५८०० एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० कार्ड आणि पूर्वीच्या जीटीएक्स १६६० सुपर कार्डासाठी पाच वर्षांपूर्वी घेतलेला ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस. अशा जोडण्या बऱ्याच दिसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि ३०८० सारखी कार्डं सेकंडहँड बाजारात मोठ्या संख्येने आली. पूर्ण बजेट कार्डावर जातं आणि एसएमपीएस जुनाच राहतो.

आधी हा आजार विजेचाच आहे का?

सर्वांत बोलका पुरावा पीसी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात मिळतो, म्हणून घाईने काही करू नका. कॅबिनेटचं पॉवर बटण दाबून बघा. काहीच झालं नाही, किंवा पंखा जरासा हलून थांबला, तर एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत चालू करा आणि मग बटण दाबा. आता पीसी सुरू झाला, तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी आउटपुट तोडलं होतं, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. घरातला एमसीबी पडतो तसंच हे आहे. एकदा पडला की भार काढला तरी तो आपोआप वर येत नाही, हाताने परत चढवावा लागतो. एसएमपीएसच्या बाबतीत मागचा स्विच बंद-चालू करणं म्हणजे तो हात.

पीसी बंद न होता स्वतःहून रिस्टार्ट होत असेल, तर चित्र इतकं स्पष्ट नसतं. व्होल्टेज क्षणभर घसरल्यानेही असं होतं आणि अस्थिर रॅम किंवा प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकमुळेही होतं. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी आणि ओव्हरक्लॉक बंद करून दोन-चार दिवस खेळून बघितल्याशिवाय एसएमपीएसवर खापर फोडू नका. स्क्रीन काळी झाली, पण कॅबिनेटचे पंखे फिरताहेत आणि कार्डाचे पंखे जोरात घुमताहेत, तर तो वेगळा आजार. तिथे कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा कार्डाचा पॉवर कनेक्टर बघावा लागतो.

उष्णतेने प्रोसेसर बंद पडला तरीही पीसी असाच झटकन जातो. पण तेव्हा बटण दाबल्यावर तो बहुधा लगेच सुरू होतो आणि कूलर सैल असेल तर काही मिनिटांतच परत पडतो. शिवाय बंद पडण्याआधी तापमान चढत गेलेलं दिसतं. तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं HWiNFO हे सॉफ्टवेअर सुरू ठेवून त्याची लॉग फाइल बनवा. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७५ अंशांवर आणि कार्ड ७० अंशांवर असेल, तर उष्णतेचा मुद्दा तिथेच संपतो.

विंडोजकडेही एक नोंद असते. Event Viewer उघडा, Windows Logs मधलं System निवडा आणि पीसी पडला त्या वेळेच्या आसपास Kernel-Power, Event ID 41 शोधा. Details मध्ये BugcheckCode समोर 0 असेल, तर विंडोजला एरर लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, असा अर्थ निघतो. शून्याव्यतिरिक्त आकडा असेल तर ती निळी स्क्रीन होती आणि तपास दुसऱ्या दिशेने करायचा. हा ४१ क्रमांक बघून ‘एसएमपीएस खराब’ असं काही जण ठामपणे सांगतात, ते मला पटत नाही. आधीचं बंद होणं नीट झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. घरातली लाइट गेली तरी तीच नोंद पडते.

बेरीज बसते, तरी का पडतो?

कार्डाच्या खोक्यावर ३२० वॅट लिहिलेलं असतं. ही सरासरी आहे. कार्डाच्या आतली यंत्रणा वीज सतत मोजते आणि थोड्या काळाची सरासरी ३२० च्या आसपास राहील अशा बेताने घड्याळगती खालीवर करते. पण या मोजण्याला आणि आवरण्याला वेळ लागतो. एका फ्रेमचं काम संपलं की कार्डाचे हजारो कोअर क्षणभर रिकामे होतात आणि पुढच्या फ्रेमचं काम आलं की सगळे एकदम जागे होतात. त्या क्षणी करंट ज्या वेगाने चढतो, त्या वेगाने आवरणारी यंत्रणा चालत नाही. ३०८० वर ऑसिलोस्कोप लावून झालेल्या मोजमापांत एक मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी साडेचारशे वॅटच्या पुढचे झटके दिसले आहेत. सरासरी मात्र ३२० च राहते.

हा झटका आधी एसएमपीएसच्या आतल्या आणि कार्डावरच्या कपॅसिटरांनी झेलायचा असतो. ते पुरे पडले नाहीत, तर १२ व्होल्टची लाइन खाली बसते. एसएमपीएससाठी ठरलेल्या एटीएक्स नियमाप्रमाणे ही लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवी. ती फार खाली गेली की व्होल्टेज कमी झाल्याचं संरक्षण चालू होतं. लाइन टिकली, पण एकूण भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर जास्त भाराचं संरक्षण चालू होतं. ही मर्यादा लेबलवरच्या वॅटच्या वर असते, मात्र किती वर ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. काही एसएमपीएस ११० टक्क्यांवर तोडतात, काही १३० च्या पुढेही सांभाळून घेतात. किती लवकर तोडायचं हेही वेगळं असतं. म्हणूनच एकाच वॅटच्या दोन एसएमपीएसपैकी एकावर तोच पीसी चालतो आणि दुसऱ्यावर पडतो. गुणवत्तेने चांगला असलेला एसएमपीएसही त्याचं संरक्षण फार चपळ असेल तर अशा कार्डापुढे पडतो.

आता आपल्या जोडणीचा हिशोब करू. कार्ड ३२०. प्रोसेसरवर १०५ वॅट लिहिलेलं असलं तरी एएमडीने ठरवलेली खरी कमाल मर्यादा १४२ आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, पंखे, यूएसबीची उपकरणं मिळून साठ धरा. एकूण ५२२. म्हणजे ५५० मध्ये बसलं. आता तोच हिशोब झटक्याच्या क्षणासाठी: कार्ड ४८०, खेळात प्रोसेसर साधारण शंभर, बाकीचे साठ. एकूण ६४०, म्हणजे ५५० च्या ११६ टक्के. हा आकडा तोडण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर येतो, आणि पीसी कधीही बंद पडण्यामागे हीच काठावरची अवस्था असते. बहुतेक झटके निभावतात. एखाद्या वेळी कार्डाचा झटका आणि प्रोसेसरचा भार एकाच क्षणी जुळून येतात, म्हणजे नवा नकाशा लोड होताना, मोठा स्फोट दिसताना किंवा फ्रेम्सना मर्यादा नसलेल्या मेनूमध्ये, आणि तेव्हा पीसी पडतो.

लेबलही नीट वाचा. मोठ्या अक्षरातला ५५० हा सगळ्या लाइन्सचा मिळून आकडा असतो. प्रोसेसर आणि कार्ड फक्त १२ व्होल्टवर जगतात, म्हणून +12V च्या रकान्यातला अँपिअरचा आकडा बघून त्याला १२ ने गुणा. ४३ अँपिअर असेल तर ५१६ वॅट आले, ठीक आहे. पण लेबलवर ५५० आणि १२ व्होल्टवर फक्त ३४ अँपिअर असे जुन्या बनावटीचे एसएमपीएसही बाजारात असतात. तिथे हातात येतात ४०८ वॅट, बाकीची ताकद आजच्या पीसीला फारशी न लागणाऱ्या ५ आणि ३.३ व्होल्टवर अडकलेली असते. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला एसएमपीएस असेल तर हा रकाना बघितल्याशिवाय त्यावर गेमिंग कार्ड लावूच नका.

फरमार्क तासभर चालतो, मग एसएमपीएस चांगला ना?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याचं उत्तर नकारार्थी आहे. फरमार्क हे कार्डाला ताण देऊन बघणारं सॉफ्टवेअर कार्डावर एकसारखा, सपाट भार टाकतं. सरासरी ३२० वर जाऊन तिथेच राहते आणि ५५० चा एसएमपीएस ते आरामात देतो. खेळात भार सारखा उड्या मारतो आणि एसएमपीएसची परीक्षा त्या उड्यांमध्ये असते. सपाट भाराखाली टिकणारा आणि खेळात पडणारा पीसी हे उलट कमजोर एसएमपीएसचंच लक्षण आहे. HWiNFO मधल्या १२ व्होल्टच्या आकड्यावरही विसंबू नका. ते सॉफ्टवेअर मुळात दर दोन सेकंदांनी एकदा वाचतं आणि झटका मिलिसेकंदात येऊन जातो. साध्या मल्टीमीटरचंही तेच. आकडा भाराखाली सतत ११.४ च्या खाली दिसत असेल तर दोष नक्की आहे. तो १२.०५ दिसतो म्हणून दोष नाही, असं मात्र सिद्ध होत नाही. दुकानातला एलसीडी असलेला छोटा एसएमपीएस टेस्टर तर जवळजवळ भाराविनाच मोजतो, त्यामुळे या तक्रारीसाठी त्याचा उपयोग नाही.

पैसे न खर्च करता खरी चाचणी होते ती उलट बाजूने: कार्डाची भूक कमी करायची आणि पडणं थांबतं का ते बघायचं. एनव्हिडिया कार्डासाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टाका:

```
nvidia-smi -q -d POWER
nvidia-smi -pl 230
```

पहिल्या ओळीने कार्डाची सध्याची आणि किमान-कमाल मर्यादा दिसते, दुसरीने मर्यादा २३० वॅटवर येते. पीसी रिस्टार्ट केला की ती आपोआप पूर्ववत होते, त्यामुळे प्रत्येक वेळी परत टाकावी लागेल. सोबत खेळात फ्रेम्सची मर्यादा ६० करा. रॅडिऑन कार्ड असेल तर ड्रायव्हरच्या ट्यूनिंगमध्ये पॉवर लिमिट फारशी खाली जात नाही, तिथे कमाल घड्याळगती कमी करा. आता ज्या खेळात आणि ज्या जागी पीसी पडायचा, तिथेच नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळा. आधी रोज पडणारा पीसी आठवडाभर पडला नाही आणि मर्यादा काढल्यावर परत पडू लागला, तर निदान झालं. मर्यादा लावूनही त्याच वारंवारतेने पडत राहिला, तर नवा एसएमपीएस मागवू नका, अजून शोधा.

ही चाचणी करण्याआधी कार्डाच्या मागच्या केबल बघून घ्या, कारण कधी कधी दुखणं तिथेच मिटतं. ८ पिनांच्या एका कनेक्टरसाठी १५० वॅट ठरलेले आहेत आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ मिळतात. दोन कनेक्टरांचं ३२० वॅटचं कार्ड शेवटी दोन तोंडं असलेल्या एकाच केबलवर लावलं, तर पूर्ण भार एकाच केबलमधून जातो, तिच्यात व्होल्टेज घसरतं आणि एसएमपीएसकडे लाइन्स वेगळ्या असतील तर एकाच लाइनचं संरक्षण तोडतं. एसएमपीएसपासून कार्डापर्यंत दोन स्वतंत्र केबल ओढा आणि प्रत्येकीचं एक तोंड वापरा. कनेक्टर ‘कट’ आवाज येईपर्यंत आत बसलेला हवा.

भिंतीकडची बाजू

आपल्याकडे एसएमपीएसआधी यूपीएस किंवा इन्व्हर्टर असतो, आणि परदेशी व्हिडिओंमध्ये त्याचा उल्लेख फारसा नसल्याने तो नजरेतून सुटतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. आपली जोडणी पूर्ण भाराला आतून ५२२ वॅट मागते. एसएमपीएसची कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर भिंतीतून ६०० वॅट ओढले जातात. असा यूपीएस लाइट असताना कसाबसा चालेल, पण बॅटरीवर जाताच तोडेल.

दुसरी गोष्ट वेळेची. लाइट जाते तेव्हा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला, नवा एसएमपीएस पूर्ण भारालाही साधारण १६-१७ मिलिसेकंद काढतो. स्वस्त किंवा म्हातारा झालेला त्याच्या अर्धाही काढत नाही. इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागे ‘यूपीएस’ मोडचा स्विच आहे का बघा, दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला बराच जास्त वेळ जातो. या बाजूची शंका फेडायला पीसी काही दिवस थेट भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा, मध्ये यूपीएस नको आणि ढिला एक्स्टेंशन बोर्डही नको. पडताना ट्यूबलाइट किंवा पंखा लुकलुकतो का तेही घरातल्यांना बघायला सांगा.

मग किती वॅटचा?

जुन्या एटीएक्स २ प्रकारच्या एसएमपीएससाठी मी हा हिशोब वापरतो:

कार्डाचे वॅट × १.५ + प्रोसेसरचे कमाल वॅट + ६०

उत्तराच्या वरचा पहिला मिळणारा आकडा घ्यायचा. आपल्या जोडणीत ४८० + १४२ + ६० म्हणजे ६८२, म्हणून ७५०. एनव्हिडियाही ३०८० साठी ७५० च सांगते. त्याच कार्डाची तीन कनेक्टरांची, कारखान्यातूनच वाढवलेली आवृत्ती ३७० वॅटपर्यंत जाते, तिथे उत्तर ७५७ येतं आणि ८५० घ्यावा लागतो. ‘३०८० आहे’ एवढ्यावर थांबू नका, तुमच्या नेमक्या मॉडेलचे वॅट बघा. प्रोसेसरच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा नको, कमाल मर्यादा हवी. इंटेलच्या आय५ १२४००एफ वर ६५ लिहिलेलं असतं, कमाल ११७ आहे. उलट आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं कार्ड त्याच आय५ सोबत घेतलं तर उत्तर ३५० च्या आसपास येतं. तिथे चांगला ५५० भरपूर झाला, ८५० घेऊन काहीच मिळत नाही.

२०२२ च्या एटीएक्स ३.० नियमाने हा प्रश्न मुळातूनच हाताळला. १६ पिनांचा नवा कनेक्टर असलेल्या, ४५० वॅटवरच्या एसएमपीएसने लेबलच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सहन करायचा, असं त्यात बजावलं आहे. म्हणून असा एसएमपीएस घेताना साधी बेरीज करून वर साधारण पाव भाग मोकळा ठेवला तरी चालतं: ५२२ साठी ६५० पुरतो. मात्र नुसती १६ पिनांची केबल सोबत आली म्हणजे एसएमपीएस एटीएक्स ३ चा होत नाही. जुन्या बनावटीसोबतही ती केबल देतात. स्पेसिफिकेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

८० प्लसच्या ब्राँझ-गोल्डकडे लोक दर्जाचा शिक्का म्हणून बघतात, पण ते फक्त कार्यक्षमतेचं मोजमाप आहे. झटके किती झेलतो किंवा संरक्षण कुठे लागतं, याची त्यात तपासणी नाही. आणि ‘५५० म्हणजे ८० टक्केच मिळणार’ हा समजही चुकीचा आहे. लेबलवरचे वॅट आत पीसीला मिळणारे असतात, तोटा भिंतीकडून ओढला जातो. त्यापेक्षा पूर्ण वॅट किती अंशाला मिळतात ते वाचा. चांगल्यांवर ४० किंवा ५० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात बंद खोलीतली हवाच चाळिशीला टेकते, कॅबिनेटच्या तळातून एसएमपीएसमध्ये शिरणारी त्याहून गरम. २५ अंशांवर मोजलेला आकडा तिथे उपयोगाचा नाही. हिवाळ्यात ठणठणीत असलेला पीसी उन्हाळ्यात पडू लागला तर आधी तळाची जाळी धुळीने भरली आहे का बघा, मग वय. कपॅसिटर वर्षागणिक कमजोर होतात, त्यामुळे सेकंडहँड कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, सेकंडहँड एसएमपीएसला मात्र आहे.

जुना एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलायचा मोह कुणाला झाला तर आवरा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. आणि केबल वेगळ्या निघणारा नवा मॉड्युलर एसएमपीएस बसवताना जुन्याच्या केबल जागेवर ठेवून नुसता डबा बदलू नका, मग कंपनी तीच असली तरी. केबलचं पीसीकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकातली पिनांची मांडणी मॉडेलप्रमाणे बदलते. हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर ती डिस्क जळते. जुन्या सगळ्या केबल आधी बाहेर काढा, नव्या डब्यातल्या लावा, आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्रोसेसरची व कार्डाची केबल एकदा हाताने दाबून बघा.